मुरगळलं, ताणलं की तुटलं?

पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर १९ ऑक्टोबर २०२३ रोजी विश्वचषकाचा सामना चालू होता. हार्दिक पंड्यानं त्या दिवशी जेमतेम तीन चेंडू टाकले. बांगलादेशच्या लिटन दासनं सरळ मारलेला फटका पायानं अडवायला तो गेला, घसरला आणि त्याचा डावा घोटा दुमडला. षटकातले उरलेले तीन चेंडू विराट कोहलीनं टाकले. घोटाच तर मुरगळलाय, दोन-तीन सामन्यांत येईल परत, असं बघणाऱ्यांना वाटलं. ४ नोव्हेंबरला तो स्पर्धेबाहेर गेल्याचं जाहीर झालं.

‘घोटाच तर मुरगळलाय’ हे वाक्य शाळेच्या क्रीडाखोलीत जवळजवळ रोज ऐकू येतं. तिथल्या भिंतीवर बहुधा संघांचे फोटो असतात, सामन्यांचं वेळापत्रक असतं. पण लंगडत आलेल्या मुलाला नेमकं काय झालंय ते कसं ओळखायचं, याचा कागद क्वचितच दिसतो. तो लिहायचा झाला तर पहिली गाठ शब्दांचीच सोडवावी लागते. स्प्रेन, स्ट्रेन आणि लिगामेंट टेअर हे तीन शब्द तीन वेगळ्या दुखापतींसारखे वापरले जातात. दुखापती खरं तर दोनच आहेत.

हाडाला हाडाशी बांधून ठेवणारी चिवट पट्टी म्हणजे लिगामेंट, मराठीत अस्थिबंध. ती दुखावली की स्प्रेन, म्हणजे आपलं ‘मुरगळणं’. स्नायू किंवा त्याला हाडाशी जोडणारी दोरी दुखावली की स्ट्रेन, म्हणजे ‘स्नायू ताणला जाणं’. आणि लिगामेंट टेअर? ती मुरगळण्याचीच वरची पायरी. पट्टीचे धागे नुसते ताणले गेले तर पहिली पायरी, काही तुटले तर दुसरी, सगळे तुटले तर तिसरी. त्यामुळे ‘मुरगळलंय, लिगामेंटला काही झालं नाही’ या वाक्याला अर्थच उरत नाही. लिगामेंटला काही झालं, म्हणूनच तर मुरगळलं.

आठवीतल्या एका खो-खो खेळणाऱ्या मुलीचं उदाहरण घेऊ. साखळीत पळताना तिनं अचानक दिशा बदलली, टाच उचललेली होती, आणि तळपाय आत वळून सगळं वजन बाहेरच्या कडेवर आलं. बहुतेक घोटे असेच आत मुरगळतात. बाहेरचं घोट्याचं हाड आतल्यापेक्षा खालपर्यंत उतरलेलं असतं, ते पावलाला बाहेर वळू देत नाही. आतल्या बाजूची पट्टीही जाड आणि मजबूत असते. बाहेरच्या बाजूला मात्र तीन बारीक पट्ट्या असतात. त्यातली पुढची सर्वांत कमजोर आणि पहिला झटका तिलाच बसतो. टाच वर असताना तर सांध्याचं हाड खोबणीत सैल बसलेलं असतं, म्हणून उडी मारून उतरताना किंवा झपकन वळताना घात होतो.

ती मुलगी सरांच्या खुर्चीत बसली तेव्हा घोट्याच्या पुढे, बाहेरच्या बाजूला अंड्याएवढी सूज होती. सूज बघून बरेच जण लगेच ‘फ्रॅक्चर’ म्हणतात, पण केवळ सुजेवरून हाड ओळखता येत नाही. त्यासाठी कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये एक सोपी पद्धत मांडली. ती वापरायला यंत्र लागत नाही, दोन बोटं पुरतात. दोन्ही बाजूंच्या घोट्याच्या हाडाची मागची कड टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत दाबून बघायची. पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जो हाडाचा उंचवटा लागतो तो दाबायचा, आणि आतल्या बाजूला घोट्याच्या थोडं पुढचं हाडही. यातलं कुठलंही हाड दाबल्यावर दुखलं, किंवा दुखापत झाल्याबरोबर आणि नंतरही लंगडत का होईना चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायला न्यायचं.

मुलांच्या बाबतीत हाड दाबून बघणं जास्तच महत्त्वाचं. वाढीच्या वयात हाडाच्या टोकाजवळ कोवळ्या कुर्चेचा थर असतो आणि तो लिगामेंटपेक्षा कच्चा असतो. ज्या झटक्यानं मोठ्या माणसाची पट्टी तुटेल, त्यानं मुलाचा हा थर दुखावू शकतो, आणि तो एक्स-रेमध्ये दरवेळी दिसेलच असं नाही. म्हणून हाडावर बोट ठेवल्यावर मूल ओरडलं, तर एक्स-रे चांगला आला तरी डॉक्टरांना ती जागा नेमकी दाखवावी. लिगामेंट तर साध्या एक्स-रेत दिसतच नाही.

आपल्या मुलीचं हाड दुखत नव्हतं, दुखत होता तो पुढचा मऊ भाग. चार पावलं तिनं टाकली, तोंड वाकडं करून. म्हणजे पहिली किंवा दुसरी पायरी. इथे एक फसवी गोष्ट सांगायलाच हवी: पट्टी पूर्ण तुटली की पहिली कळ ओसरल्यावर दुखणं कधी कधी कमी होतं, कारण ताणायला धागेच उरलेले नसतात. दुखणं कमी आणि पाय टेकताना घोटा ‘निसटल्यासारखा’ वाटतो, असं मूल सांगत असेल तर डॉक्टरांकडे जावं. घोटा किती सैल झालाय हे चार-पाच दिवसांनी सूज आणि दुखणं कमी झाल्यावर जास्त नीट कळतं, तेव्हा पुन्हा दाखवणं वाया जात नाही.

स्नायू ताणला गेल्याची गोष्ट निराळी. शंभर मीटर धावणारा मुलगा मध्येच मांडीचा मागचा भाग धरून थांबतो. कुणीतरी मागून दगड मारल्यासारखं वाटलं, असं सांगतो. दुखणं सांध्यात नसतं, मांडीच्या मध्यावर असतं. त्याला पालथं झोपवून गुडघा वाकवायला सांगावं आणि टाचेवर हातानं हलका विरोध करावा. स्नायूनं जोर लावताच तिथेच कळ आली, तर हा स्ट्रेन.

पहिल्या दोन दिवसांचे उपाय दोन्हींत बरेच सारखे. खेळ थांबवायचा. ओल्या रुमालात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं. क्रीडाखोलीत फ्रीज नसेल तर गोळेवाल्याकडचा बर्फही चालतो. बर्फानं दुखणं कमी होतं, पट्टी लवकर सांधते असं नाही. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून वर बांधत न्यायचं, बोटं उघडी ठेवायची. ती निळी पडली किंवा बधिर झाली तर लगेच सैल करायचं. पाय उशीवर, उंच.

आणि तेल नको. आजीनं आंबेहळदीचा लेप अलगद लावला तर बिघडत नाही, पण जोरानं चोळणं, शेकणं आणि ‘उतरवून देतो’ म्हणत घोट्याला झटका देणं यानं आत रक्त आणखी साचतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी निळसर डाग बोटांपर्यंत उतरला की घरचे घाबरतात. ते घोट्याजवळचंच रक्त असतं, खाली ओघळलेलं.

गुडघ्याला मात्र हा कागद लावू नये. वळताना ‘टक्’ असा आवाज आला आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत रक्त साचलेलं असण्याची शक्यता मोठी; त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. घोट्याची तुटलेली पट्टी बहुतेकदा शस्त्रक्रियेविना, आधार आणि व्यायामावर भरून येते. गुडघ्याच्या आतल्या पट्टीचं गणित वेगळं आहे.

खो-खोवाली मुलगी दहाव्या दिवशी लंगडणं थांबवून मैदानावर हजर झाली. सरांनी तिला दुखऱ्या पायावर, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. चांगल्या पायावर ती अर्धा मिनिट उभी राहिली होती. या पायावर पाच आकड्यांत डोलली. पट्टीबरोबर घोट्याची तोल सांभाळण्याची जाणही दुखावते, आणि ती परतण्याआधी खेळलेला घोटा पुन्हा तिथेच मुरगळतो. सरांनी तिला रोज सकाळ-संध्याकाळ एका पायावर उभं राहून दात घासायला सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात तिनं त्या पायावर दहा लंगडी उड्या मारल्या, मग आठच्या आकड्यात धावली, आणि त्यानंतर सरांनी तिला साखळीत घेतलं.