स्वस्त तिकिटाचा पूर्ण हिशेब

साहेबांना पाठवलेला विमानखर्चाचा मेल अडकतो तो बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर: ‘यापेक्षा स्वस्त नाही का?’ हा प्रश्न येणारच, हे धरून मेल लिहिणारा कर्मचारी त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवतो.

समजा, पुण्यातल्या एका इंजिनिअरला जानेवारीत दिल्लीच्या परिषदेत गुरुवारी सकाळी दहाला भाषण द्यायचं आहे. परतीचं विमान ठरलेलं आहे, प्रश्न फक्त जाण्याचा. गुरुवारी पहाटेचं तिकीट ५,१०० रुपयांना आहे, बुधवारी संध्याकाळचं ६,४०० ला. मुंबईहून बुधवारचं ४,३०० ला मिळतंय आणि यादीत तेच सगळ्यात स्वस्त दिसतं. पण पुण्याहून मुंबई विमानतळाच्या टॅक्सीचे ३,००० धरले की ते ७,३०० वर जातं, वर रस्त्यात चारेक तास. दिल्लीत बुधवारी पोचायचं तर हॉटेलचे ४,००० वेगळे.

म्हणजे खरी तुलना ५,१०० विरुद्ध १०,४००! इथे अनेकजण हॉटेलचा खर्च गाळून फक्त तिकिटांचे आकडे देतात. तो पुढे बिलात दिसतोच आणि मग पुढच्या मेलवरही शंका घेतली जाते. त्यापेक्षा सरळ लिहिलेलं बरं:

‘नमस्कार मॅडम,
दिल्ली परिषदेसाठी बुधवारी संध्याकाळच्या पुणे–दिल्ली विमानाला मंजुरी हवी आहे. हॉटेलसह खर्च १०,४०० रुपये. गुरुवारी पहाटेचं विमान ५,३०० रुपयांनी स्वस्त आहे. ते पावणेआठला उतरतं, पण जानेवारीत दिल्लीच्या धुक्यामुळे सकाळची विमानं रखडतात आणि माझं भाषण दहाला आहे. मुंबईमार्गे टॅक्सी व हॉटेल धरून ११,३०० होतात. दर आज सकाळी अकराचे आहेत. उद्या दुपारपर्यंत कळवलंत तर लगेच बुकिंग करतो.’

यातलं धुक्याचं कारण त्या महिन्याचं, त्या शहराचं आहे, म्हणून ते पटतं. हेच भाषण दुपारी तीनला असतं, तर पहाटेचं विमान नाकारायला फारसा आधार उरला नसता. ‘सोयीचं पडतं’ एवढ्यावर पाच हजार कोण देईल?

दर पाहिल्याची वेळ लिहिण्यामागेही कारण आहे. विमानाचं भाडं मागणीप्रमाणे बदलत राहतं, त्यामुळे मंजुरी येईपर्यंत ६,४०० चे ७,२०० झालेले असू शकतात. ‘पाचशे रुपयांपर्यंत वाढ झाली तर बुकिंग करू का?’ एवढं विचारून ठेवलं की दुसरा मेल वाचतो.

मंजुरी मिळाल्यावर बुकिंग करताना कंपनीचं नाव आणि जीएसटी क्रमांक त्याच वेळी भरावा. तो बिलावर नसेल, तर कंपनीला कराची वजावट मिळवताना अडचण येते.