थंड खोलीतलं पनीर

हॉटेलच्या मुदपाकखान्यामागच्या थंड खोलीचा काटा सकाळी सातला ११ अंशांवर दिसतो. रात्री अकराच्या नोंदीत तो ४ होता. अशा वेळी थर्मोस्टॅट आणखी खाली करू नये. आधी आतल्या पंख्यामागची कॉइल पाहावी. ती बर्फाने गच्च भरली असेल, तर हवा तिच्यातून जातच नाही. मशीन रात्रभर चालतं आणि खोली तापत राहते.

बहुतेकदा दोष दाराचा असतो. दाराचं रबर फाटलं की बाहेरची दमट हवा आत येते आणि कॉइलवर गोठते. दारात कागद धरून दार लावा; तो सहज निसटला, तर रबर गेलं. कॉम्प्रेसर बंद करून पंखे चालू ठेवा, बर्फ आपोआप वितळू द्या. सुरीने खरवडलात तर नळी फुटून गॅस जाईल. रबर बदलूनही बर्फ परतला, तर मेकॅनिकच हवा.

आता माल. हवेचं नव्हे, पदार्थाच्या मध्याचं तापमान घ्या. पनीर ९ अंश भरलं. ५ च्या वर ते किती वेळ होतं हे माहीत नाही, म्हणून शेवटच्या चांगल्या नोंदीपासून, म्हणजे आठ तास धरायचे. मर्यादा चार तासांची. पनीर, शिजलेला भात, मटण टाकावंच लागतं, कितीही जीवावर आलं तरी. चव घेऊन ठरवू नका. उकळूनही काही जंतूंचं विष जात नाही. लोणी, लोणचं, अख्ख्या भाज्या मात्र राहू द्या.