खताच्या बादलीला वास येतोय?

रंगाची जुनी २० लिटरची बादली घ्या. तळाला नि बाजूंना भोकं पाडा, खाली ताट ठेवा. तळात चार बोटं सुका पाला पसरा. रोजच्या साली चिरून टाकायच्या आणि वर निदान तेवढाच सुका पाला किंवा लाकडाचा भुसा. विरजण म्हणून मूठभर जुनं खत पुरतं.

वास येतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. साली चिकटून बसतात, आत हवा शिरत नाही. मे महिन्यात आमच्या बादलीत दोन डझन आंब्यांच्या साली पडल्या, कोरडं काहीच नाही. तिसऱ्या दिवशी गॅलरीत उभं राहवेना. सगळं वर्तमानपत्रावर उपसलं, तळाशी काळपट लगदा होता. तितकाच भुसा मिसळून परत भरलं, दिवसाआड काठीने हलवलं. आठवड्यात वास गेला. ओलावा मुठीत दाबून कळतो: पाणी ठिबकलं तर भुसा घाला, हात नुसता दमट झाला तर ठीक.

चिलटं उघड्या सालींवर अंडी घालतात. म्हणून वर दोन बोटं कोरडा थर हवाच, आणि बादलीच्या तोंडाला सुती कापड घट्ट बांधा. अळ्या दिसल्या तर किळस येईल खरी, पण त्याही साली खाऊन कुजायला मदतच करतात. मासे, मटण, तेलकट उष्टं मात्र नको.

बादली भरल्यावर साधारण दोन-तीन महिन्यांत खत होतं. कोयी तेवढ्यात कुजत नाहीत. खत चाळून त्या पुढच्या बादलीत टाका.