नत्राचा ताळेबंद

ठराव असा आहे : रासायनिक खतं आणि कीटकनाशकं यांना पूर्ण फाटा देणारी नैसर्गिक शेती हे भारताचं राष्ट्रीय धोरण असावं. मी या ठरावाच्या विरोधात बोलणार आहे. पण समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य केल्याशिवाय माझ्या विरोधाला किंमत राहणार नाही.

केंद्र सरकारनं 2022-23 या एका वर्षात खतांच्या अनुदानावर सुमारे अडीच लाख कोटी रुपये खर्च केले. युरियाची 45 किलोची गोणी शेतकऱ्याला 270 रुपयांच्या आत मिळते. तिचा खरा खर्च त्याच्या कितीतरी पट आहे. युरिया इतका स्वस्त आणि स्फुरद, पालाश त्यामानानं महाग, म्हणून शेतकरी युरियाच ओतत जातो. टाकलेल्या नत्रापैकी पिकाच्या वाट्याला साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक येतो. उरलेलं काही अमोनिया होऊन उडतं, काही नायट्रेट होऊन विहिरीत उतरतं, तर काही नायट्रस ऑक्साइडच्या रूपानं हवा तापवतं. हा वायू वजनाला वजन धरलं तर कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशेपटीहून अधिक घातक आहे. आणि 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं मेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. हे सगळं पाहून कुणी 'पुरे झालं' म्हणत असेल, तर त्या माणसाशी माझं भांडण नाही.

माझा प्रश्न पुढचा आहे. युरिया थांबवला तर पिकाला नत्र कुठून येणार?

नैसर्गिक शेतीच्या चळवळीचं मूळ आपल्याच मातीत आहे. सुभाष पाळेकर अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे. रासायनिक शेतीतलं उत्पन्न घसरायला लागल्यावर त्यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून स्वतःच्या शेतावर प्रयोग केले आणि जीवामृताची कृती गावोगाव नेली. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2019 च्या अर्थसंकल्पी भाषणात निर्मला सीतारामन यांनी पाळेकरांच्या या 'झिरो बजेट' शेतीचा उल्लेख केला आणि विषय थेट दिल्लीच्या धोरणात शिरला. त्याच वर्षी राष्ट्रीय कृषिविज्ञान अकादमीनं, हे तंत्र सिद्ध झालेलं नाही, असा जाहीर आक्षेप घेतला. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं 2481 कोटी रुपयांचं राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान मंजूर केलं. त्याचं लक्ष्य साडेसात लाख हेक्टर आहे, म्हणजे देशाच्या लागवडीखालच्या क्षेत्राचा जेमतेम अर्धा टक्का, आणि तेही ऐच्छिक. त्या अभियानाला माझा विरोध नाही. माझा विरोध अर्ध्या टक्क्याच्या अनुभवावरून शंभर टक्क्यांचा निर्णय घेण्याला आहे.

आता जीवामृताची टाकी उघडू. एका एकरासाठी 200 लिटर पाणी, 10 किलो देशी गाईचं ताजं शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवायचं, दिवसातून दोनदा काठीनं ढवळायचं, 48 तासांनी वापरायला घ्यायचं. यात नत्र किती? ताज्या शेणात साधारण 0.4 टक्का धरला तर 40 ग्रॅम. गोमूत्रात सढळ हातानं एक टक्का धरू, 100 ग्रॅम. बेसनात प्रथिनं भरपूर, म्हणून त्यातून सुमारे 70 ग्रॅम. एका टाकीत सव्वादोनशे ग्रॅमच्या आत. दर पंधरा दिवसांनी एक टाकी दिली तर गव्हाच्या हंगामात दोन किलो. शिवाय दोन क्विंटल घनजीवामृत टाकलं तर आणखी तीनेक किलो. एकूण पाच किलो.

पंजाबातला शेतकरी एकरी वीस क्विंटल गहू काढतो. गव्हाच्या दाण्यात सुमारे दोन टक्के नत्र असतं. म्हणजे नुसत्या दाण्याबरोबर चाळीस किलो नत्र शेताबाहेर जातं, भुशातलं वेगळं. पाच किलो आत आणि चाळीस बाहेर.

नैसर्गिक शेती करणारे याला उत्तर देतात, आणि ते उत्तर ऐकण्यासारखं आहे. जीवामृत हे खत नव्हेच, ते विरजण आहे, असं ते म्हणतात. ते जमिनीतल्या जिवाणूंना जागवतं, आणि अन्न जमिनीतूनच मिळतं. पण विरजणाला दूध लागतं. जमिनीतलं सेंद्रिय नत्र हा साठा आहे, जिवाणू तो मोकळा करून देतात, म्हणजे साठा खर्च होतो. वर्षानुवर्षं खतं खाल्लेल्या रानात पहिल्या वर्षी उत्पन्न टिकतं ते पुष्कळदा याच शिल्लकीवर. तिसऱ्या-चौथ्या हंगामात फुटव्यांच्या वेळी खालची, जुनी पानं टोकाकडून पिवळी पडू लागली, फुटवे कमी झाले आणि नवी पानं मात्र हिरवी राहिली, तर समजावं की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्यांना देतंय. साठा आटतोय. म्हणून एका वर्षाच्या उत्पन्नावरून कुठल्याही बाजूनं टाळ्या वाजवू नयेत.

नत्र बाहेरून येण्याचा खरा नैसर्गिक रस्ता एकच मोठा आहे : हवा. डाळवर्गी पिकांच्या मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू ते पकडतात. पावसाबरोबर आणि जमिनीतल्या मोकळ्या जिवाणूंमुळे थोडंफार येतं. शेणाला मी स्वतंत्र स्रोत धरत नाही, कारण शेणातलं नत्र वैरणीतून येतं आणि वैरण शेतातून. देशातली गाई-म्हशींची संख्या तीस कोटींच्या आसपास आहे. प्रत्येकीचं रोज दहा किलो शेण धरलं तर वर्षाचं नत्र सुमारे चव्वेचाळीस लाख टन होतं. रासायनिक खतांतून आपण वर्षाला सुमारे दोन कोटी टन नत्र वापरतो. आणि त्या शेणाच्या कितीतरी गोवऱ्या चुलीत जातात.

हाच हिशेब आता यवतमाळच्या कोरडवाहू रानात मांडा. तिथं एकरी पाच क्विंटल कापूस निघतो. रुईत नत्र जवळजवळ नसतंच, सगळं सरकीत असतं. सव्वातीन क्विंटल सरकीतून साडेअकरा किलो. कपाशीत तुरीचे तास असतील तर तूर आपलं नत्र बरंचसं हवेतून घेते, पानगळीनं थोडं जमिनीला देते. सरकीची पेंड गावातल्याच गुरांना मिळाली आणि ते शेण रानात परत आलं तर गळती आणखी कमी. पऱ्हाट्या जाळण्याऐवजी बारीक करून आच्छादन केलं तर ओल टिकते आणि कर्बही वाढतो. इथं ताळेबंद जुळण्याच्या जवळ येतो. त्यात फवारणीचा खर्च वाचला, कर्जाचा बोजा हलका झाला, तर या शेतकऱ्याला नैसर्गिक शेती खरोखर फायद्याची ठरू शकते.

एकाच देशातली ही दोन रानं, आणि दोघांची उत्तरं वेगळी. ॲबरडीन विद्यापीठातल्या जो स्मिथ आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये 'नेचर सस्टेनेबिलिटी'त हेच मांडलं : या पद्धतीतून मिळू शकणारं नत्र देशातल्या सरासरी खतवापराच्या 52 ते 80 टक्केच भरतं, कमी खत वापरणाऱ्याचं त्यानं नुकसान होणार नाही, कदाचित भलंच होईल, पण जास्त खत वापरणाऱ्याचं उत्पन्न घटण्याची शक्यता आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या उत्तर भारतातल्या चाचण्यांत एकात्मिक पद्धतीच्या तुलनेत गव्हाचं उत्पन्न 59 टक्क्यांनी आणि बासमतीचं 32 टक्क्यांनी घटल्याचं समोर आलं. उलट आंध्र प्रदेशातल्या शेतांवरच्या पाहण्या सांगतात की उत्पन्न फारसं घटलं नाही आणि खर्च कमी झाला. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात, कारण दोन्हीकडची सुरुवातीची पातळी वेगळी आहे.

आंध्रकडे जरा थांबून पाहायला हवं. तिथला कार्यक्रम रयतु साधिकार संस्था ही सरकारी कंपनी चालवते, महिला बचत गटांच्या आधारानं आणि गावातल्याच अनुभवी शेतकऱ्यांना प्रशिक्षक करून. जाहिरात जीवामृताची होते. मला मात्र तिथलं सर्वांत मोलाचं काम दुसरं वाटतं : पावसाआधीची कोरडी पेरणी. डाळी, तेलबिया, भरडधान्यं, भाज्या अशा पंधरा-वीस प्रकारच्या बियांवर माती आणि घनजीवामृताचा थर चढवून त्या उन्हाळ्यातच पेरतात. वळवाच्या एखाद्या सरीवर रान हिरवं होतं, मुख्य पीक येईपर्यंत जमीन झाकलेली राहते आणि त्यातली डाळवर्गी पिकं नत्र भरतात. ताळेबंदाच्या जमेच्या बाजूला खरी भर इथं पडते. अशा कामाला वेळ लागतो, माणसं लागतात. 2016 च्या सुमारास सुरू झालेला हा कार्यक्रम आजही वाढतोच आहे, आणि कुणालाही खत विकत घ्यायला बंदी केलेली नाही.

बंदी केली ती श्रीलंकेनं. गोटाबाया राजपक्षे यांच्या 2019 च्या जाहीरनाम्यात सेंद्रिय शेतीकडे जाण्यासाठी दहा वर्षांची मुदत होती. मे 2021 मध्ये परकीय चलनाचा खडखडाट असताना रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी आली. शेतकऱ्यांना पुरेसं सेंद्रिय खत मिळालंच नाही. चीनमधून आलेल्या जहाजातल्या खतात रोगकारक जिवाणू आढळल्यानं ते नाकारावं लागलं आणि वर भरपाई द्यावी लागली. नोव्हेंबरमध्ये बंदी उठली, पण भाताच्या मुख्य 'महा' हंगामाची लागवड तोवर होऊन गेली होती. त्या हंगामाचं भात उत्पादन जवळपास 40 टक्क्यांनी घटलं आणि तांदळात जवळजवळ स्वयंपूर्ण असलेल्या देशाला तांदूळ आयात करावा लागला. श्रीलंकेचं आर्थिक संकट केवळ या बंदीमुळे आलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. करकपात, कर्ज, बुडालेलं पर्यटन ही कारणं आधीची होती. आणि जे अपयशी ठरलं ते बंदीचं धोरण होतं, नैसर्गिक शेती नव्हे. ठराव मात्र धोरणाविषयीच आहे.

या ठरावात कीटकनाशक आणि खत यांची एकच मोट बांधली आहे, हेही मला धोक्याचं वाटतं. फवारणी बरीच कमी करता येते : निंबोळी अर्क, कामगंध सापळे, बांधावर झेंडू-चवळी, मित्रकीटकांना जगू देणं. त्यानं ताळेबंदातून काही वजा होत नाही. तिथं कडक व्हा; यवतमाळसारखे बळी घेणारी विषारी कीटकनाशकं बाजारातून काढा. खताचं तसं नाही. दाण्याबरोबर गेलेलं नत्र परत यावंच लागतं, आणि स्फुरद तर हवेतूनही येत नाही.

म्हणून माझी मागणी वेगळी आहे. कोरडवाहू, कमी खत वापरणाऱ्या पट्ट्यांत नैसर्गिक शेतीला मनापासून पैसा द्या. खतांच्या अनुदानापुढे 2481 कोटी म्हणजे शंभरावा हिस्सा. तिथं किमान पाच वर्षं शेजारी-शेजारी तुकड्यांवर पीककापणी प्रयोग करा, मातीतला कर्ब आणि नत्र दर वर्षी मोजा, आणि आकडे कार्यक्रम चालवणाऱ्यांकडून नव्हे तर त्रयस्थ संस्थेकडून घ्या. पंजाब-हरियाणातल्या गव्हाला, आपल्या ऊसपट्ट्यातल्या हेक्टरी अडीचशे ते चारशे किलो नत्राच्या शिफारशींना रसायनमुक्तीची घोषणा लागू करू नका. तिथं युरिया हप्त्यांत देणं, ताग-धैंचा गाडणं, उसाचं पाचट न जाळणं यांनी वापर कमी करा. 2023 च्या पीएम-प्रणाम योजनेत वाचलेल्या खत-अनुदानाचा अर्धा भाग राज्यांना मिळतो. तो राज्याच्या तिजोरीत न थांबता, ज्यानं गोणी कमी उचलली त्या शेतकऱ्याच्या खात्यावर, त्याच हंगामात जमा झाला पाहिजे.