लस मुलाला, लस आईला: उरलेला फायदा किती?

लेखमाला, भाग चौथा

देऊळगाव राजात कॅन्सरची शंका आली की माणसं आधी जालना गाठतात आणि तिथून पुढे छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय. ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणजेच गर्भाशयमुखाचा कर्करोग. तो एचपीव्ही या विषाणूमुळे होतो आणि त्यावर लस आहे, हे मागच्या भागात आलं. नऊ ते चौदा वयाच्या मुलींना ती का द्यायची, तेही पाहिलं. मुलीच्या लसीचं ठरलं की घरात लगेच पुढचे दोन प्रश्न येतात. मुलाला द्यायची का? आणि आईचं काय?

एक घर कल्पनेत धरू. आई ३६ वर्षांची, मुलगा १३, मुलगी ११. वडील बियाण्याच्या प्लॉटवर काम करतात. पैसे मोजके आहेत आणि तिघांनाही लस देता आली तर बरं, असं आईला वाटतं. या घराने काय करावं?

उत्तर लसीच्या कामाच्या पद्धतीत आहे. लशीत विषाणू नसतो, त्याच्या बाहेरच्या कवचाची रिकामी प्रतिकृती असते. ती पाहून शरीर प्रतिपिंडं तयार करतं. पुढे खरा विषाणू आला की ही प्रतिपिंडं त्याला पेशीत शिरण्याआधीच अडवतात. मात्र विषाणू एकदा गर्भाशयमुखाच्या आतल्या थरातल्या पेशीत शिरला, की तिथे तो कवच जवळजवळ दाखवतच नाही. पेशीला बिघडवण्याचं काम त्याची दुसरी प्रथिनं करतात आणि त्यांच्याबद्दल या लसीने शरीराला काहीच शिकवलेलं नसतं.

हे कोस्टा रिकात तपासलं गेलं. आधीच संसर्ग असलेल्या दोन हजारांहून अधिक तरुणींपैकी काहींना एचपीव्हीची लस दिली, काहींना दुसऱ्याच आजाराची. वर्षभराने दोन्ही गटांत साधारण निम्म्या जणींचा संसर्ग आपोआप गेला होता. लस घेतलेल्यांचं प्रमाण ४८.८ टक्के, न घेतलेल्यांचं ४९.८ टक्के. म्हणजे आत बसलेल्या विषाणूला लसीने हलवलं नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष तिशीनंतरच्या सगळ्या हिशोबाचा पाया आहे.

मग ३६ वर्षांच्या आईच्या शरीरात विषाणू आधीच असण्याची शक्यता किती? याचं उत्तर देणारा जगातला एक मोठा अभ्यास देऊळगाव राजापासून फार दूर नाही, तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ मध्ये तो सुरू केला. डॉ. रंगस्वामी शंकरनारायणन आणि बार्शीचे डॉ. भगवान नेने त्यात पुढे होते. गावांचे ५२ गट पाडले आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायकांची नोंद केली. काही गटांत एचपीव्हीची चाचणी, काहींत पॅप स्मिअर, काहींत ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी तपासणी झाली आणि उरलेल्यांना नेहमीची सेवा मिळत राहिली.

एचपीव्हीची चाचणी झालेल्यांत सुमारे १० टक्के बायकांमध्ये धोकादायक प्रकारचा विषाणू सापडला. म्हणजे त्या दिवशी शंभरातल्या नव्वद जणींमध्ये तो नव्हता. यावरून तिशीनंतरही लस जोरदार चालेल, असं वाटू शकतं. प्रत्यक्षातलं गणित थोडं गुंतागुंतीचं आहे.

लसीची ताकद त्या वयातही शाबूत असते. २४ ते ४५ वयाच्या ३,८०० हून अधिक बायकांवर चार प्रकारांविरुद्धच्या लसीचा परदेशात अभ्यास झाला. ज्यांच्यात लसीतल्या प्रकारांचा मागमूस नव्हता आणि ज्यांनी तिन्ही डोस वेळेवर घेतले, त्यांच्यात टिकून राहणारा संसर्ग, चामखिळी आणि कर्करोगपूर्व बदल यांपासून जवळजवळ ८९ टक्के संरक्षण मिळालं. संसर्ग आधी होता की नव्हता, डोस पूर्ण झाले की नाहीत, हे न पाहता सगळ्यांना एकत्र मोजलं तेव्हा तो आकडा ४७ टक्क्यांवर आला. दवाखान्यात येणारी बाई या दुसऱ्या, मिश्र गटातली असते. शिवाय अभ्यासाने मोजला तो संसर्ग आणि पेशींतले बदल. प्रत्यक्ष कर्करोग मोजायला चार वर्षं पुरत नाहीत.

कर्करोगाचं प्रमाण कळतं ते स्वीडनच्या नोंदींतून. तिथे सोळा लाखांहून अधिक मुली आणि तरुणींच्या नोंदी तपासल्या. सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्यांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी आढळला आणि १७ ते ३० या वयात घेतलेल्यांमध्ये ५३ टक्क्यांनी. तिशीच्या आतच फायदा इतका घसरतो.

यामागे काळाचा हिशोब आहे. संसर्गापासून कर्करोगापर्यंत बहुधा पंधरा-वीस वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. पंचेचाळिशी-पन्नाशीत जो कॅन्सर सापडतो, त्याचा संसर्ग बहुतेकदा लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांतला असतो. ३६ व्या वर्षी घेतलेली लस त्या जुन्या संसर्गाला हात लावत नाही. ती फक्त यापुढे नवीन संसर्ग होऊ देत नाही. म्हणून तिचा उपयोग किती, हे पुढे नवीन संसर्ग होण्याची शक्यता किती, यावर ठरतं. नवराबायको दोघांचेही बाहेर संबंध नसतील, तर ती शक्यता फार कमी. नवीन जोडीदार आला, पुनर्विवाह झाला किंवा नवऱ्याचे बाहेर संबंध असतील, तर ती वाढते. बाईने स्वतः काहीही न करता तिला हा विषाणू होऊ शकतो आणि नवऱ्याला त्याची लक्षणंही दिसत नाहीत. हा निर्णय डॉक्टरांशी मोकळेपणी बोलूनच घ्यावा लागतो. अमेरिकेतही २७ ते ४५ या वयात लस सरसकट देण्याची शिफारस नाही, डॉक्टर आणि व्यक्तीने मिळून ठरवावं असं २०१९ पासूनचं धोरण आहे.

इथे एक गैरसमज होण्याची भीती आहे. ‘आता एकच डोस पुरतो’ हे वाक्य बऱ्याच जणींच्या कानावर गेलंय. ते खरं आहे, पण मुलींसाठी. त्याचा पुरावाही भारतातलाच आहे. २००९ मध्ये बार्शी, पुणे, मुंबईसह देशातल्या केंद्रांवर १० ते १८ वयाच्या मुलींना दोन किंवा तीन डोस द्यायचा अभ्यास सुरू झाला होता. २०१० मध्ये सरकारने देशातल्या एचपीव्ही लसीच्या चाचण्या थांबवल्या आणि हजारो मुलींचा एकच डोस झालेला राहिला. त्यांचा मागोवा घेतला तेव्हा एका डोसचं संरक्षण ९५.४ टक्के आणि तीन डोसचं ९३.३ टक्के, म्हणजे बरोबरीचंच निघालं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ९ ते २० वयासाठी एक डोस मान्य केला, त्यात हाही आधार होता. एकविसाव्या वर्षानंतर मात्र संघटना किमान दोन डोस सांगते आणि लसीच्या माहितीपत्रकात पंधरा वर्षांपुढे तीन डोस असतात. एचआयव्हीसह जगणाऱ्यांना एक डोस पुरेसा धरत नाहीत. ३६ व्या वर्षी एक डोस घेऊन निश्चिंत होणं चुकीचं ठरेल.

खर्चाचाही भाग आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक जानेवारी २०२३ मध्ये आली, तेव्हा तिची किंमत डोसला सुमारे २,००० रुपये होती. ती ९ ते २६ वयासाठी आहे, मुलगे आणि मुली दोघांसाठी. आईच्या वयासाठी परदेशी लसीकडे वळावं लागतं. ती महाग, आणि डोस तीन.

त्याच पैशात आईसाठी चाचणी करणं जास्त उपयोगाचं, हे धाराशिवच्या अभ्यासाने दाखवलं. एकदाच केलेली एचपीव्ही चाचणी आणि गरज पडली तर उपचार, एवढ्यावर आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. नेहमीच्या सेवेच्या गटात ६४ मृत्यू, चाचणीच्या गटात ३४. चाचणी निगेटिव्ह आलेल्या २४,३८० बायकांपैकी त्या काळात फक्त ८ जणींना हा कर्करोग झाला. चाचणी आधीपासून बसलेला संसर्ग शोधते, म्हणजे लसीला जे जमत नाही तेच करते. लस घेतली तरी चाचणी सुटत नाही.

पिशवी काढलेल्यांचा प्रश्न वेगळा. साध्या कारणासाठी पिशवी तोंडासकट काढली असेल, तर हा कर्करोग होण्याची जागाच उरत नाही. पण तोंड ठेवलं असेल तर तपासणी लागतेच. डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलंय, ते डॉक्टरांना दाखवून विचारावं.

आता १३ वर्षांचा मुलगा. त्याला गर्भाशयमुख नाही, पण विषाणू त्यालाही होतो आणि तो दुसऱ्यांना देऊ शकतो. पुरुषांमध्ये तो गुप्तांगावर चामखिळी आणतो, शिवाय लिंगाचे, गुदद्वाराचे आणि घशाचे काही कर्करोग. १८ देशांतल्या १६ ते २६ वयाच्या ४,०६५ मुलग्यांवर झालेल्या अभ्यासात, आधी संसर्ग नसलेल्यांमध्ये लसीने बाह्य जननेंद्रियावरच्या अशा विकारांपासून ९० टक्के संरक्षण दिलं. पण आपल्याकडच्या तोंडाच्या कॅन्सरशी याची गल्लत नको. तो मुख्यतः गुटखा, तंबाखू आणि खर्र्याने होतो, त्याला ही लस अडवत नाही.

मुलाच्या लसीचा मोठा भाग दुसऱ्यासाठी आहे: पुढे त्याच्याशी लग्न करणाऱ्या मुलीसाठी. तिने लस घेतली नसेल तर तिच्यापर्यंत विषाणू जाण्याची एक वाट बंद होते. उलट, मुलींनी मोठ्या प्रमाणात लस घेतली तर मुलं आपोआप वाचतात. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये फक्त मुलींना लस सुरू केली. २०११ पर्यंत लैंगिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, स्त्रियांशी संबंध असलेल्या २१ वर्षांखालच्या पुरुषांत चामखिळींचं प्रमाण १२.१ वरून २.२ टक्क्यांवर आलं, तेही मुलग्यांना लस न देता. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना या आडून मिळणाऱ्या संरक्षणाचा लाभ होत नाही, हे मुलग्यांनाही लस देण्यामागचं एक कारण होतं. २०१३ पासून तिथे मुलग्यांनाही लस मिळू लागली.

म्हणून डोस कमी असतील तर जागतिक आरोग्य संघटना आधी ९ ते १४ वयाच्या मुली धरते. मुलगे आणि मोठ्या बायका त्यानंतर, तेही मुलींचे डोस कमी न होता. एखाद्या घराने स्वतःच्या खर्चाने मुलाला लस दिली तर त्याने कोणाचा हक्क जात नाही. मुलाला ती चौदा वर्षं संपण्याआधी, सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोसांत द्यावी. पंधरानंतर तीन डोस सांगितले जातात, खर्च वाढतो. या वयात सुईनंतर चक्कर येऊन मुलं पडतात, तेव्हा डोसनंतर पंधरा मिनिटं बसवून ठेवावं.

त्या कल्पनेतल्या घराचा क्रम असा लागतो. पहिल्यांदा मुलगी. मग आईची चाचणी: एचपीव्ही चाचणी झाली तर उत्तम, नाहीतर सरकारी केंद्रात तीस वर्षांपुढच्या बायकांसाठी असलेली ॲसिटिक ॲसिडची तपासणी. पैसे उरले तर मुलाचे दोन डोस. आईची लस शेवटी, आणि तीही पुढे नवीन संसर्गाचं कारण दिसत असेल तर. लस घेताना आई गरोदर असेल तर डोस बाळंतपणानंतर द्यावा, मूल अंगावर पीत असेल तर हरकत नाही.

पुढच्या भागात: एचपीव्ही चाचणी पॉझिटिव्ह आली तर पुढे काय होतं, कॉल्पोस्कोपी कशी करतात, आणि पेशींतला बदल कॅन्सर होण्याआधी कसा काढून टाकतात.