गाडी दहा तास लेट? गोंदियावर डोळा ठेवा

दिवाळीचा फराळ बॅगेत, सोमवारी ऑफिस आणि नागपूरहून पुण्याला आणणारी आझाद हिंद एक्स्प्रेस दहा तास लेट! हावड्याहून रात्री निघणारी ही गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास नागपुरात यायची, ती आता उजाडायच्या आत, रात्री दोनला येणार म्हणे. स्टेशनवर जाऊन बसायचं की घरी झोपायचं?

आधी मोबाइलवर एनटीईएस, म्हणजे रेल्वेचंच चौकशी अ‍ॅप, उघडा आणि गाडी हावड्याहून सुटली ती तारीख निवडा. भल्याभल्यांची गोची इथेच होते. तुमच्या तिकिटावर १२ तारीख आहे, गाडी येणार १३ च्या पहाटे, पण ती निघालीय ११ ला. तुम्ही १२ निवडलीत तर मागून येणारी, त्याच नंबरची दुसरीच गाडी दिसेल. तीही बिचारी वेळेवर धावत असेल, आणि तुम्ही निवांत!

आता ‘अपेक्षित वेळ’ विसरा. तो अंदाज आहे. गाडीने वेळ भरून काढली की पुढे सरकतो, मालगाडीमागे अडकली की मागे. खरं काय, तर गाडीने शेवटचं कोणतं स्टेशन सोडलं आणि किती वाजता. रायपूर सोडलं तरी नागपूर पाच-एक तास लांब आहे, तेव्हा अलार्म लावा नि झोपा. गोंदिया साधारण १३० किलोमीटरवर, म्हणजे दोन तास. गोंदिया सुटल्याची नोंद दिसली की उठा, चहा घ्या, रिक्षा बोलवा. एकाच स्टेशनवर तासभर आकडा हललाच नाही, तर गाडी खोळंबली असेल किंवा नोंदच अपडेट झाली नसेल. अशा वेळी १३९ वर विचारा, पण गाडी येणारच नाही असं धरून गादीवर पडू नका.

अमरावतीत कुणी हक्काचं असेल तर आणखी एक सोय. हीच गाडी बडनेऱ्याला तीनेक तासांनी, म्हणजे पहाटे पाचला. रात्री दोनच्या फलाटापेक्षा हे बरं की नाही? मात्र आयआरसीटीसीवर बोर्डिंग स्टेशन रीतसर बदलून घ्या. न बदलता पुढून चढायला गेलात तर टीसी तुमचा बर्थ दुसऱ्याला देऊन मोकळा झालेला असू शकतो. बदललंत तर नागपूरहून चढायचा हक्क गेला. शिवाय बदलायची मुदत टाईमटेबलच्या वेळेवरून धरतात, लेट झालेल्या वेळेवरून नाही. साईटने नाही म्हटलं तर मुकाट्याने नागपूर गाठा.

आणि जायचंच नाही असं ठरलं? गाडी तुमच्या स्टेशनला तीन तासांपेक्षा जास्त लेट असेल, तर पूर्ण पैसे परत मिळतात. फक्त टीडीआर भरायचा तो गाडी तिथून प्रत्यक्ष सुटण्याआधी. म्हणजे हे ठरवायलाही गोंदियाच बघायचं.