मुंजीची रजा: अर्जात नेमकं काय लिहायचं

‘माझ्या मुलाची मुंज असल्यामुळे मला पाच दिवसांची रजा मिळावी, ही नम्र विनंती.’ एखाद्या कारखान्याच्या लेखा विभागातून असा एका ओळीचा अर्ज येतो, तेव्हा त्यावर सही होण्याआधी साहेबांच्या मनात तीन प्रश्न येतात. मुंज एका दिवसाची, मग रजा पाच दिवसांची कशाला? मध्ये काही अडलं तर फोन लागेल का? आणि गाडी भरून उभी राहिली तर ई-वे बिल कोण काढणार? अर्जात यांची उत्तरं नसली की अर्ज टेबलावर पडून राहतो, माणूस रोज विचारायला जातो आणि घरात पत्रिका छापून तयार असतात. अर्ज वाचणाऱ्यांच्या बाजूला मी बरीच वर्षं बसते आहे. नाकारलेल्या रजेपेक्षा अशी लटकलेली रजा मी कितीतरी जास्त वेळा पाहिली आहे, आणि ती जवळजवळ नेहमी अर्जाच्या मांडणीमुळे लटकते.

म्हणून अर्जाची तयारी गुरुजींपासून सुरू करावी. मुहूर्त कोणता एवढंच विचारून थांबू नये. ग्रहमख आदल्या दिवशी की त्याच दिवशी? नांदीश्राद्ध आणि देवकस्थापना कधी? देवक कधी उठवायचं? या तीन उत्तरांवरून रजेचे दिवस ठरतात. शहरातल्या कार्यालयात सगळं एकाच दिवशी उरकतात. पण गावी, भाऊबंदांच्या घरी मुंज असेल तर आदला दिवस हमखास जातो. त्या दिवशी पुण्याहवाचन, मातृकापूजन, नांदी आणि ग्रहांचं हवन होईपर्यंत आईवडील दोघंही पाटावर असतात. मुंजीच्या दिवशी सकाळी चौल, मग मातृभोजन, मंगलाष्टकं, त्यानंतर वडिलांनी बटूला गायत्रीचा उपदेश करायचा, पुढे होम आणि भिक्षावळ. या दोन दिवसांत ‘जरा फोन घेऊन येतो’ म्हणून उठण्याची सोय आईला नसते आणि वडिलांनाही नसते. पाहुणे म्हणून लग्नाला जाणाऱ्याची रजा आणि यजमानाची रजा यांत हा फरक आहे. तो वरिष्ठांना माहीत असेलच असं धरून चालू नये. दोन वाक्यांत सांगावा.

दोनच वाक्यांत मात्र. काही अर्जांत सोळा संस्कार आणि त्यांत उपनयनाचं स्थान, असं पानभर लिहिलेलं असतं. रजा देणाऱ्याला संस्काराचं महत्त्व पटवण्याची गरज नसते. ते त्याला मान्यच असतं. त्याला आपल्या गैरहजेरीचा आकार कळायला हवा असतो.

रजा कोणती मागायची तेही स्पष्ट हवं. मुंज, बारसं, वास्तुशांत यांच्यासाठी कायद्यात वेगळी रजा नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, तो लागू असलेल्या आस्थापनांसाठी, वर्षाला 8 दिवस नैमित्तिक रजा आहे. शिवाय वर्षात 240 दिवस काम केलेल्याला दर 20 दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळते आणि ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते. पाच दिवस नैमित्तिकमधून घेतले तर वर्षभराच्या अडीअडचणीला तीनच दिवस उरतात. आधीपासून ठरलेल्या कार्यासाठी साठलेली पगारी रजाच वापरावी. मध्ये रविवार येत असेल तर तो रजेत धरतात का, हे आस्थापना विभागाला आधी विचारून घ्यावं, कारण त्याबद्दल प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा असतो.

आता एक नमुना. पुण्याजवळच्या एका भागीदारी कारखान्यातली लेखापाल, मुंज गुहागर तालुक्यात गावच्या घरी. तारखा फक्त मांडणी दाखवण्यासाठी घेतल्या आहेत; मुहूर्त ज्याचा त्याने पंचांगातून काढावा.

दिनांक: 9 मार्च

विषय: मुलाच्या मुंजीसाठी 21 ते 25 एप्रिल (मंगळवार ते शनिवार) पगारी रजा

मा. महोदय,

माझ्या मुलाची मुंज गुरुवार, 23 एप्रिल रोजी आमच्या गावी आहे. 22 रोजी ग्रहमख आणि 23 रोजी मुंज, या दोन्ही दिवशी यजमान म्हणून आम्हा उभयतांना विधीस बसावं लागतं. 21 प्रवासाचा दिवस आहे, 24 रोजी बटूला घेऊन कुलदैवताच्या दर्शनास जायचं आहे आणि 25 रोजी परत येऊ. सोमवार, 27 एप्रिल रोजी मी कामावर हजर होईन. माझ्या खात्यावरील पगारी रजेतून हे पाच दिवस मंजूर व्हावेत.

माझ्या कामाची व्यवस्था अशी ठेवली आहे. मार्च महिन्याचं जीएसटीआर-3बी 20 एप्रिलपर्यंत भरायचं असतं, ते मी 17 रोजी भरेन. मार्चच्या टीडीएसची मुदत 30 एप्रिल आहे, तो मी जाण्यापूर्वीच, 18 रोजी भरून चलनाची प्रत आपल्याकडे देईन. 22 रोजी द्यायची पुरवठादारांची देणी 20 रोजीच आपल्या मंजुरीने पाठवेन. त्यानंतर तातडीचं काही देणं निघाल्यास दुसरे भागीदार आपल्या स्वतःच्या लॉगिनने देऊ शकतील. त्यांच्याशी माझं बोलणं झालं आहे.

रोजची ई-वे बिलं स्टोअरमधील सहकारी काढतील. त्यांची संमती घेतली आहे. त्यांच्या नावे पोर्टलवर सब-युजर 1 एप्रिलपर्यंत तयार करू आणि 13 ते 18 एप्रिल ते माझ्यासमोर स्वतः बिलं काढतील. महिन्याची हजेरी 25 रोजी बंद होते. पत्रक 27 रोजी माझ्याकडे आलं तरी पगार 30 रोजी वेळेवर होतील.

22 आणि 23 रोजी माझा फोन बंद असेल. 21 आणि 24 रोजी सायंकाळी 5 ते 6 मी फोनवर उपलब्ध असेन.

घरगुती अडचणीमुळे कार्य पुढे गेल्यास मी त्याच दिवशी कळवेन, रजा रद्द समजावी आणि मी कामावर येईन. नव्या तारखांसाठी वेगळा अर्ज करेन.

आपली विश्वासू,
(सही)

रजा 21 पासूनच का, हे या अर्जात कुठे लिहिलेलं नाही, पण साहेबांना ते दिसतं. जीएसटीची 20 तारीख उलटून गेलेली आहे आणि महिनाअखेर अजून चार दिवस लांब आहे. मुहूर्त दोन-तीन मिळत असतील तर त्यांतला कामाच्या तारखांना जुळणारा निवडावा, एवढं घरात बोलता येतं. एकच मिळत असेल तर मुदतीची कामं अलीकडे ओढावीत. परतल्यानंतरच्या तीन दिवसांत मुदत संपणारं काम ‘आल्यावर करते’ या यादीत ठेवू नये. वाटेत गाडी बिघडली, मुलाला ताप आला, पाहुण्यांची पाठवणी लांबली, की पहिला फटका त्याच कामाला बसतो. म्हणूनच 30 तारखेचा टीडीएस 18 ला.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ओटीपीचा. कामं सहकाऱ्याला समजावून दिलेली असतात, पासवर्डही चिठ्ठीवर लिहून दिलेला असतो, जो कधीच देऊ नये. आणि ऐन मंगलाष्टकांच्या वेळी लॉगिनचा ओटीपी मात्र आपल्या मोबाइलवर येऊन पडतो. तिकडे ट्रक फाटकाशी उभा. ई-वे बिलाच्या पोर्टलवर यावर सरळ उपाय आहे. मुख्य खात्यातून सहकाऱ्याच्या नावे सब-युजर काढायचा, त्याचा मोबाइल नोंदवायचा आणि त्याला कोणकोणती कामं करता येतील ते ठरवायचं. मग ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जातो आणि कोणतं बिल कोणी काढलं याचीही नोंद राहते. बँकेतही हेच: आपल्या लॉगिनने दुसऱ्याने काम करणं हा बँकेच्या दृष्टीने गैरवापर आहे, आणि पुढे रकमेचा घोळ झाला तर उत्तर आपल्याला द्यावं लागतं.

पण सब-युजर काढला म्हणजे काम सोपवलं, असं नाही. अर्जात सरावाचा आठवडा घातला आहे तो यासाठी. बिल काढणं दोन दिवसांत जमतं. अडतं ते पुढे. वाटेत गाडी बंद पडून माल दुसऱ्या गाडीत चढवला, तर बिलाच्या भाग ‘ब’ मध्ये नवा गाडी क्रमांक घालावा लागतो. रक्कम किंवा पत्ता चुकला, तर बिल 24 तासांच्या आत रद्द करून नवं काढावं लागतं. साध्या मालगाडीच्या बिलाची मुदत 200 किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात, म्हणजे नागपूरचा माल आणि चाकणचा माल यांचा हिशेब वेगळा. हे प्रसंग रोज येत नाहीत, त्यामुळे सांगायचे राहून जातात. सरावाच्या आठवड्यात एखादं बिल मुद्दाम चुकीचं काढून ते रद्द करायला लावण्याऐवजी जुनी दोन-तीन रद्द झालेली बिलं उघडून दाखवावीत आणि पायऱ्या एका कागदावर लिहून स्टोअरमध्ये लावाव्यात. आपण मात्र त्या आठवड्यात माउसला हात लावू नये. सहकारी अडखळला की आपणच झटकन करून टाकतो, आणि त्याला जे येत नाही ते येत नाहीच.

अर्जातला शेवटचा परिच्छेद बहुतेकांना लिहायला जड जातो, कारण त्यामागे सोयरसुतक असतं. जवळच्या भाऊबंदांत मृत्यू झाला किंवा मूल जन्मलं, तर ठरलेली मुंज पुढे जाऊ शकते. त्याचा उच्चार कोणी आधी करत नाही आणि अर्जातही करू नये. ‘घरगुती अडचण’ हे शब्द पुरेसे आहेत. ‘तारीख बदलल्यास त्यानुसार रजा मिळावी’ असं मोघम मात्र लिहू नये. त्याचा अर्थ कधीही पाच दिवस, असा होतो आणि तो कोणी मंजूर करत नाही. जुनी रजा रद्द आणि नव्या तारखांचा नवा अर्ज, हे दोघांच्याही सोयीचं आहे.

इथे गुरुजींना विचारण्याची आणखी एक गोष्ट निघते. नांदीश्राद्ध होऊन देवक बसलं की त्या कार्याला सोयरसुतक आडवं येत नाही, असं शास्त्र मानतं. त्यामुळे घरात कोणी फार आजारी असेल किंवा बाळंतपण जवळ आलं असेल तर गुरुजी नांदी काही दिवस अलीकडे करायला सुचवतात. उपनयनासाठी सहा दिवसांपर्यंत तशी मुभा सांगितली आहे. तसं ठरलं तर त्या दिवसाची सकाळही रजेत येते. आमच्याकडे ही सकाळ अर्जात नसायची, मग आदल्या संध्याकाळी फोन यायचा. ठरलं त्याच दिवशी आधीच्या अर्जाचा संदर्भ देऊन अर्ध्या दिवसाच्या रजेची चिठ्ठी द्यावी, आणि त्या सकाळी ई-वे बिलं सहकाऱ्याने एकट्याने काढावीत. सरावाच्या आठवड्यात काय शिकवायचं राहिलं ते त्या अर्ध्या दिवसात कळतं, आणि ते शिकवायला 21 तारखेपर्यंत वेळ असतो.